जोडीदारासाठी आपली संधी सोडली. आता आतल्या रागाचं काय करायचं?

जोडीदाराच्या नोकरीसाठी शहर बदललं, हातात आलेली चांगली संधी सोडली. काही महिने गेले, घर लागलं, आणि आता जोडीदार कामावरून खुशीत घरी आला की आपल्याच कपाळावर आठी पडते. इथवर आलेल्या माणसापुढे साधारण तीन वाटा असतात. फारसं न बोलता नव्या ठिकाणी आपलं काम उभं करायचं, समोरासमोर बसून ठरलेलं पुन्हा ठरवायचं, किंवा काही काळ वेगळं राहून आपली नोकरी धरायची. तिन्ही वाटांनी कुणाचं ना कुणाचं भलं झालेलं आहे. पण ही एकाच दुखण्यावरची तीन औषधं नव्हेत, आणि गफलत होते ती इथेच.

म्हणून वाट निवडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. सोडलेल्या नोकरीच्या तोडीची नोकरी उद्या इथेच मिळाली, तर राग जाईल का? उत्तर चटकन ‘हो’ आलं, तर कामाची उणीव टोचते आहे. ‘नोकरी मिळेल, पण तेव्हा मला कुणी विचारलं नाही हे कसं विसरू?’ असं मनात आलं, तर दुखणं निर्णय कसा झाला याचं आहे. बहुतेकांत दोन्ही असतं. मोठा वाटा कशाचा, ते पाहायचं.

एक कल्पित जोडपं घेऊ. त्याचा पगार १०० धरला तर तिचा ८०. तिला टीमची प्रमुख व्हायची संधी चालून आली, त्याच सुमारास त्याला दुसऱ्या शहरात तीन वर्षांचं काम मिळालं. ते तिकडे गेले. त्याचा पगार १५० झाला. तिला बऱ्याच शोधानंतर खालच्या हुद्द्याची, ४५ ची नोकरी लागली. घरात आधी १८० यायचे, आता १९५ येतात. म्हणजे घर फायद्यात, आणि ‘आपलं बरंच झालं की’ हे त्याचं म्हणणं आकड्यांनी खरं. पण तिच्या नावावर ३५ ची घट आहे, आणि हुकलेलं प्रमुखपद तर या हिशोबात धरलेलंच नाही.

जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये कुटुंबांच्या स्थलांतरावर लिहिताना नेमकं हेच मांडलं होतं: कुटुंबाचा एकूण फायदा होत असतानाही त्यातल्या एकाचं नुकसान होऊ शकतं. हे नुकसान दुसऱ्याच्या वाढलेल्या कमाईतून भरून निघू शकतं. प्रत्यक्षात ते भरून द्यायचं असतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. फायदा दोघांचा म्हणून मोजला जातो, तोटा एकट्याच्या खात्यावर पडून राहतो, आणि राग त्या खात्यावर व्याजासारखा चढत जातो. म्हणून तिन्ही वाटांना मी एकच कसोटी लावतो: या वाटेने तोटा भरून निघतो का, आणि तो भरतं कोण?

पहिल्या वाटेने, म्हणजे गुपचूप काम उभं करून, तोटा तुम्ही स्वतःच भरता. राग कामाच्या उणिवेचा असेल आणि तुमचं क्षेत्र नव्या शहरात खरोखर असेल, तर ही वाट चांगली आणि सगळ्यात कमी खर्चाची. मात्र तिला मुदत घाला. वर्षभर प्रयत्न करूनही मुलाखतीपर्यंत पोचणं होत नसेल, तर उणीव तुमच्यात नसून त्या बाजारात आहे, असं समजायला हरकत नाही. आणि राग निर्णयाचा असेल, तर ही वाट घातकच. वरून हसतमुख, आत धुमसणं, असं चालू राहतं. मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांनी प्रेमातल्या जोड्यांमधल्या त्यागाचा अभ्यास केला आहे. भांडण टाळायला केलेला त्याग, किंवा मनातलं दाबून केलेला त्याग, याचा संबंध त्यांना कमी समाधानाशी आणि नात्यातल्या कुरबुरींशी आढळला. ‘शांतता राहावी म्हणून गप्प बसते’ असं स्वतःला सांगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

दुसरी वाट बोलण्याची. माझा कल हिच्याकडे आहे, कारण निर्णयाच्या जखमेवर हाच एक उपाय आहे. पण बहुतेक वेळा बोलणं कसं होतं पाहा. रात्री भांडी आवरताना विषय निघतो.

‘एवढं वाटत होतं तर तेव्हाच सांगायचं होतंस.’

‘सांगितलं होतं. तू फक्त शेवटचं “बरं, जाऊ” एवढंच ऐकलंस.’

यापुढे वाद तेव्हा कोण काय म्हणालं यावर अडकतो आणि दोघंही दमून झोपतात. त्यापेक्षा दिवस-वेळ ठरवून बसा, आणि पहिल्या बैठकीत नुकसान एवढंच मांडा. उपाय मागू नका, आरोप करू नका. ‘तुझ्यामुळे माझं करिअर बुडालं’ म्हटलं की समोरचा बचावाला लागतो. ‘प्रमुख व्हायची वेळ आली होती, आता मी तीन वर्षं मागे गेले आहे, आणि त्याबद्दल आपण दोघं एकदाही बोललो नाही’ हे नाकारायला जागा उरत नाही.

दुसऱ्या बैठकीत भरपाई. ‘पुढच्या वेळी तुझी पाळी’ या आश्वासनाला काही किंमत नाही. तारीख आणि अट जोडली की किंमत येते. आपल्या जोडप्यापुरतं बोलायचं तर: त्याच्या पगारात वाढलेल्या ५० पैकी ठरलेला भाग दर महिन्याला तिच्या नावावर, तिच्या प्रशिक्षणासाठी आणि बुडालेल्या बचतीसाठी. मुलांचं सकाळचं सगळं त्याच्याकडे. आणि तीन वर्षांचं काम संपायच्या सहा महिने आधी शोध तिच्या नोकरीपासून सुरू, त्याने तिच्या शहरात काम शोधायचं. हे लिहून ठेवा. कोर्टात न्यायचं नसतं, पण वर्षभराने दोघांना वेगवेगळं आठवू नये एवढ्यासाठी.

या वाटेची मर्यादा सरळ आहे. राग निव्वळ कामाच्या उणिवेचा असेल, तर कितीही मनमोकळं बोललात तरी सोमवारी सकाळी करायला मनासारखं काम नसतंच.

तिसरी वाट, वेगळं राहण्याची, ऐकायला सर्वात न्याय्य वाटते आणि पडते सर्वात महाग: दोन घरभाडी, प्रवास, आणि मूल लहान असेल तर सगळा भार एकावर. संधी खरोखर दुर्मीळ असेल, परत येण्याची तारीख आधी ठरली असेल आणि मूल नसेल किंवा मोठं असेल, तरच हिचा विचार करा. त्याआधी जुन्या वरिष्ठांना फोन करून ती जागा अजून आहे का, असल्यास आता काय स्वरूपात, ते विचारा. न जगलेल्या नोकरीत वाईट दिवस नसतात, म्हणून ती मनात दर महिन्याला आणखी चांगली होत जाते. कधी कधी त्या एका फोननेच राग निम्मा होतो. रागाच्या भरात, तारीख न ठरवता वेगळं राहणं म्हणजे मात्र विभक्त होण्याचा निर्णय न बोलता घेणं. तसंच करायचं असेल तर ते तसं म्हणून करा.

दुसरी वाट धरली आणि ठरलेल्या तारखेला जोडीदार ‘अजून एक वर्ष’ म्हणाला, तर? एकदा, नवी तारीख आणि वाढीव भरपाई घेऊन, मानता येईल. दुसऱ्यांदा तेच घडलं, तर प्रश्न नोकरीचा राहिलेला नसतो, आणि समुपदेशकाकडे जायचं ते तेव्हा, आणखी एक वर्ष गेल्यावर नव्हे.