पांढऱ्या सदऱ्यावरचा रंग: ब्लीच की पेरॉक्साइड?

रंगपंचमीला सोलापुरात पांढरा सदरा घालून बाहेर पडलात तर तो दोन प्रकारे रंगतो. कोरडा गुलाल नुसता धाग्यावर बसतो, म्हणून पाणी लावायच्या आधी सदरा गच्चीवर नेऊन झटका आणि कोरड्या ब्रशने झाडा. पाणी आधी पडलं की रंग धाग्यात उतरतो. पिचकारीचा ओला रंग तर उतरलेलाच असतो, खरा प्रश्न त्याचाच.

क्लोरीनचं ब्लीच झपाट्याने काम करतं. शुद्ध सुती असेल तर बादलीभर थंड पाण्यात अर्धी वाटी घालून पाच-दहा मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवलं तर कापड विरतं. रेशीम, लोकर, स्ट्रेच कापडाला तर लावूच नका. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

मेडिकलमधलं सहा टक्क्यांचं पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून डागावर अर्धा तास ठेवायचं. ते सावकाश काम करतं, दोनदाही करावं लागतं. पण कापड सांभाळतं. मी आधी हेच वापरते. साबण लावल्यावर पिवळा डाग लाल झाला तर घाबरू नका, ती हळद आहे. धुऊन उन्हात टाका. सोलापूरचं ऊन काय कमी आहे!

भिंतीवरही आधी कोरडंच झाडा. शहाबादी फरशीवर मात्र लिंबू-अ‍ॅसिड नको, तो चुनखडीचा दगड आहे, खरवडला जातो. तिथे पेरॉक्साइडचा ओला बोळाच बरा.