चुलत भावाकडून स्वस्तात की काकांकडून भेट?

घरच्या प्रायव्हेट लिमिटेडचे १,००० शेअर घ्यायचेत. नियमाने रास्त किंमत २१०, दर्शनी १०.

चुलत भावाकडून दहाने घेतले, तर २ लाखांचा फरक तुमचं उत्पन्न ठरतो. कायद्याच्या 'नातेवाईक' यादीत चुलत भाऊ नाही, आणि फरक ५० हजारांवर गेला की पूर्ण रकमेवर कर लागतो. ३० टक्क्यांनी ६० हजार, सेस वेगळा. भावालाही भांडवली नफा २१० धरूनच मोजावा लागतो. मात्र पुढे विकताना तुमची खरेदी २१० धरतात.

सख्खे काका यादीत आहेत, म्हणून भेटीवर आज कर शून्य. पण खरेदी काकांचीच, १० रुपये. विकताना नफा मोठा दिसेल.

दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्केच, म्हणून काका देत असतील तर भेटच घ्या, बक्षीसपत्र करून. विकणारा भाऊच असेल, तर २१० मोजा.