हजेरीची यादी की मजल्याची झडती? फायर वॉर्डनना काय शिकवावं

आग लागली तर मजला रिकामा झालाय की नाही, हे पाहणं फायर वॉर्डनचं काम. त्यासाठी आमच्या पुण्याच्या ऑफिसात यादी आणि झडती, दोन्ही करून पाहिलं. पहिल्या पद्धतीत मजल्यामागे दोनच वॉर्डन. सगळ्यांना खाली पिटाळायचं, मग पार्किंगमध्ये बायोमेट्रिकच्या यादीवरून नावं पुकारायची. दुसरीत मजल्याचे चार भाग. प्रत्येक भागाला एक वॉर्डन आणि एक बदली. खाली येऊन तो आपला भाग रिकामा आहे की नाही, एवढंच सांगतो.

यादी शिकवायला सोपी, अर्ध्या तासात काम होतं. वीसेक माणसं आणि एकच दार असेल, तर तेवढं पुरेसंही असावं.

माझं मन उडालं ते एका ड्रिलमध्ये. यादीत ९४ नावं, खाली माणसं ८३. अकरा जणांना फोन करण्यात पाव तास गेला. चौघं क्लायंटकडे, पाच टपरीवर चहाला आणि दोघं कधीच घरी गेलेले. उलट पॅन्ट्रीतल्या मावशी आणि कुरिअरवाला यादीतच नव्हते. वरचं टॉयलेट कुणी पाहिलं का, असं विचारलं तर दोन्ही वॉर्डन एकमेकांकडे बघायला लागले. खरी आग असती, तर अग्निशमन दलाला आम्ही अकरा नावं दिली असती आणि जागा एकही नाही.

झडतीत वॉर्डन लांबच्या टोकापासून जिन्याकडे येतो. टॉयलेट, मीटिंग रूम, पॅन्ट्री अशा ठिकाणी नुसती हाक मारायची नाही, आत डोकवायचं. बंद दाराला आधी हाताची मागची बाजू लावायची. गरम लागलं तर उघडायचं नाही, खाली येऊन ‘सर्व्हर रूम पाहिली नाही’ असं स्पष्ट सांगायचं. पाहिलेलं दार ओढून घ्यायचं, पण कुलूप नाही. मागे फिरायचं नाही.

हळू चालणाऱ्यांचा प्रश्नही इथेच सुटतो. आमच्या एका ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. यादीच्या दिवसांत त्या गर्दीत धक्के खात उतरायच्या आणि तोवर ‘बेपत्ता’ असायच्या. आता त्या फायर डोअरच्या आत, बंदिस्त जिन्याच्या लँडिंगवर एका सोबतिणीबरोबर थांबतात. गर्दी ओसरली की कठडा धरून उतरतात. धूर जिन्यात शिरलाच तर थांबायचं नाही, हे दोघींना पक्कं ठाऊक आहे.

झडतीला माणसं जास्त लागतात, हे कबूल. सुट्ट्या, बदल्या यांत निम्मे वॉर्डन गळतात. उंच इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेत पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी ड्रिल सांगितलंय. आम्ही त्याच दिवशी बदली वॉर्डनना फिरवून आणतो. यादी अजून खिशात असते, पण ती नंतर काढतो.

मागच्या ड्रिलला चौघं वॉर्डन खाली आले. ‘पाचव्याच्या लँडिंगवर दोघी, बाकी मजला रिकामा.’ टपरीवर कोण होतं, हे त्या वेळी कुणी विचारलंच नाही.