‘Packed’ म्हणजे निघालं असं नाही

मी सांगलीत विश्रामबागला ब्लाउज आणि ड्रेस शिवते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या मोठ्या मशीनची क्लच मोटर जळाली. पुढ्यात दिवाळीचे एकोणचाळीस ब्लाउज. नवी सर्व्हो मोटर गणपती पेठेत ५,२०० सांगितली, आणि एका वेबसाइटवर तीच ४,३५० ला दिसली. साडेआठशे रुपये वाचतात म्हणून तिथून मागवली. ‘आगाऊ पैसे भरा, आणखी सूट’ असं होतं, पण ती सूट त्या ४,३५० मध्येच धरलेली होती, हे नंतर कळलं. यूपीआयने पैसे दिले. पानावर लिहिलं होतं, ‘दोन कामाच्या दिवसांत माल निघेल’.

दुसऱ्या दिवशी ‘Processing’, तिसऱ्या दिवशी ‘Packed’, चौथ्या दिवशी ट्रॅकिंग नंबर आला. मी निर्धास्त. दोन गिऱ्हाइकांना रविवारचा वायदाही करून बसले.

सातव्या दिवशीही कुरिअरच्या पानावर एकच ओळ, ‘Manifested’. शेजारचा पोरगा कुपवाडला कुरिअरच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे, त्याला मोबाइल दाखवला. तो म्हणाला, “मावशी, हे फक्त लेबल छापलंय. खोका आमच्या माणसाच्या हातात आला की तो स्कॅन करतो, मग ‘Picked Up’ येतं. तुमच्यात स्कॅनच नाही. डबा दुकानातच आहे, नाहीतर डबाच नाही.”

लेबल काढायला माल लागत नाही, नुसता पत्ता लागतो. ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती.

विक्रेत्याला फोन केला. “मॅडम, पिकअपवाला आला नाही, उद्या नक्की.” आता हे खोटंच असतं असं नाही. सणात गाड्या भरलेल्या असतात, दोन दिवस इकडेतिकडे होतात. पण नवव्या दिवशी मला दुसराच ट्रॅकिंग नंबर आला आणि जुना रद्द झालेला दिसला. पानावर पुन्हा ‘Manifested’, पुन्हा “दोन दिवसांत निघेल”. पोरगा हसला. म्हणाला, माल नसला की असंच करतात, नवं लेबल काढलं की गिऱ्हाईक परत दोन दिवस गप्प बसतं.

अकराव्या दिवशी खरी गंमत. विक्रेत्याचाच माणूस म्हणतो, “तुम्हीच ऑर्डर कॅन्सल करा ना, पैसे लगेच परत.” मी बटण दाबलं, आणि परत आले ३,९१५. वर ‘कॅन्सलेशन चार्ज १० टक्के’. म्हणजे माल त्यांनी पाठवला नाही आणि ४३५ रुपये माझे कापले! मी रद्द करावं म्हणून इतका आग्रह का, ते तेव्हा उमगलं.

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत. ऑर्डर पक्की झाल्यावर गिऱ्हाइकाने रद्द केली म्हणून चार्ज लावायचा, तर त्यांनी स्वतःहून रद्द केल्यावर त्यांनीही तेवढाच सोसायला हवा, नाहीतर लावता येत नाही. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला, तर विक्रेता परतावा नाकारू शकत नाही (पूर, बंद अशी खरी अडचण सोडून). तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. मी ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला आणि स्क्रीनशॉट दिले. सोळा दिवसांनी ४३५ आले. पण दिवाळी तोवर होऊन गेली होती.

आता मी असं करते. सांगितलेली निघायची तारीख उलटली आणि कुरिअरचा पहिला स्कॅन नसला, की एकदाच लिहून विचारते, “पिकअप कधी झाला, स्कॅन दाखवा.” फोनवर बोलत बसत नाही, फोनचा पुरावा राहत नाही. एक दिवस वाट बघते. उत्तर गोलगोल आलं किंवा नंबर बदलला, तर रद्द. रद्द करताना कारणात ‘मुदतीत पाठवलं नाही’ असंच निवडते, ‘आता नको आहे’ हे कधीच नाही. आधी ‘Packed’चं पान आणि मुदतीची ओळ यांचा स्क्रीनशॉट घेते. परतावा टाकला म्हणाले की त्याचा बारा आकडी यूपीआय नंबर मागते, तो बँकेत दाखवता येतो.

दुसरीकडे ऑर्डर मात्र रद्द झाल्याचा मेसेज हातात आल्यावरच. माझ्या जावेने आधी दुसरीकडे मागवलं आणि तिच्या घरी दोन कुकर आले.

काम अडलेलं असेल तर इतकेही दिवस थांबू नका. मी बाराव्या दिवशी गणपती पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, “ताई, भाव वाढला, आता ५,४००.” घेतली, त्याच रात्री मशीनला बसवली. एकोणचाळीसपैकी सव्वीस ब्लाउज वेळेत दिले, बाकीच्यांनी दुसरीकडून शिवून घेतले. त्यातल्या दोघी परत आल्या नाहीत.