चार कर्जांचं एक करताना कोणतं आत घ्यावं, कोणतं बाहेर ठेवावं

कर्ज एकत्र करून देणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "महिन्याला हप्ते किती जातात?" उत्तर आलं की तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा आकडा सांगतो आणि समोरचा सही करायला तयार होतो. मुदत किती, हे त्या बोलण्यात येतच नाही. खरी तुलना मात्र तिथेच आहे. हप्ता दोन कारणांनी उतरतो: व्याजदर कमी झाल्यामुळे किंवा महिने वाढल्यामुळे. पहिल्यात ओझं हलकं होतं, दुसऱ्यात ते तेवढंच राहून फक्त जास्त लांब वाहावं लागतं. बहुतेक प्रस्तावांत दोन्ही एकत्र कालवलेलं असतं, म्हणून आकडे सुटे करून बघावे लागतात.

एक उदाहरण धरू. सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात ४२,००० पगार, सिडकोत भाड्याचं घर. चार देणी आहेत. क्रेडिट कार्डावर ८०,००० थकलेत, दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज, आणि सध्या फक्त किमान रक्कम म्हणजे ४,००० भरले जातात. मोबाइल अॅपवरून घेतलेल्या कर्जाचे ४०,००० बाकी आहेत, दर वर्षाला ३० टक्के, १० हप्ते उरलेत, हप्ता ४,५७०. बँकेच्या पर्सनल लोनचे १,२०,००० बाकी, दर १४ टक्के, १४ महिने उरलेत, हप्ता ९,३४०. शिवाय फ्रिजचे बिनव्याजी ३,००० चे ५ हप्ते. एकूण देणं २,५५,०००, महिन्याला जातात २०,९१०. म्हणजे जवळजवळ अर्धा पगार.

यातलं कार्ड आधी नीट बघा. ८०,००० वर महिन्याचं व्याज २,८००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५०४. भरलेल्या ४,००० पैकी ३,३०४ इथेच संपतात आणि मुद्दल जेमतेम ७०० ने उतरतं. नवीन खरेदी एक रुपयाची केली नाही तरी.

आता तीन वाटा शेजारी ठेवू. पहिली: काहीच एकत्र करायचं नाही, पण महिन्याचे २०,९१० तसेच चालू ठेवायचे आणि जो हप्ता संपेल तो कार्डावर वळवायचा. दुसरी: चारही देणी एका पाच वर्षांच्या कर्जात, दर १५ टक्के. तिसरी: त्याच १५ टक्क्यांनी फक्त कार्ड आणि अॅपचं कर्ज, म्हणजे १,२०,०००, मुदत १८ महिने, पर्सनल लोन आणि फ्रिज जसे आहेत तसे. प्रोसेसिंग फी २ टक्के अधिक जीएसटी, आणि जुनं कर्ज मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क ४ टक्के अधिक जीएसटी धरलंय. तुमच्या करारात हे आकडे वेगळे असतील. ते बघूनच गणित करा.

| | जसं आहे तसं | सगळं एकत्र, ५ वर्षं | फक्त दोन एकत्र, १८ महिने |
|---|---|---|---|
| पहिल्या महिन्याचे एकूण हप्ते | २०,९१० | ६,०६६ | १९,८२६ |
| आजपासून जाणारं व्याज आणि शुल्क | सुमारे ५४,२०० | सुमारे १,२२,५०० | सुमारे ३०,२०० |
| शेवटचा हप्ता | १५वा महिना | ६०वा महिना | १८वा महिना |

मधल्या रकान्यातला ६,०६६ हा आकडाच जाहिरातीत असतो. महिन्याला जवळपास १५,००० मोकळे! पण त्या मोकळेपणासाठी काहीही न करण्यापेक्षा ६८,००० जास्त मोजावे लागतात, आणि १५ महिन्यांत संपणारं देणं पाच वर्षं चालतं. कार्डाचा महागडा दर उतरला हे खरं, पण त्यातली सगळी बचत लांबलेल्या मुदतीने खाल्ली.

पर्सनल लोन बाहेर का ठेवलं, हे समजलं तर बाकीचं आपोआप समजतं. हप्त्यात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी असतं, शेवटाकडे उलटं. १४ महिने उरलेल्या या कर्जाचं सगळं व्याज आता फक्त १०,७६० राहिलंय. समजा कुणी तुम्हाला १२ टक्क्यांनी ते बदलून दिलं, तरी त्याच १४ महिन्यांत व्याज ९,१९० होतं. वाचले १,५७०. त्यासाठी जुनं बंद करायला ५,६६४ आणि नव्याची फी २,८३२ मोजायची. दोन टक्के स्वस्त कर्ज घेऊनही जवळपास ७,००० चा तोटा. शेवटच्या वर्षात आलेलं कर्ज हलवू नये, दर थोडा कमी मिळत असला तरी. फ्रिजच्या हप्त्यांना तर व्याजच नाही. ते १५ टक्क्यांच्या कर्जात ढकलणं म्हणजे फुकटच्या देण्याला व्याज लावून घेणं.

याच न्यायाने निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याने पीककर्ज कधीही यात आणू नये. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पीककर्जाची वेळेवर फेड केली तर व्याजसवलत मिळते. ते पर्सनल लोनने 'निल' केलं की ती सवलत गेली, आणि नवा दर पूर्ण लागला.

तिसऱ्या वाटेतही एक खाच आहे. फी मंजूर रकमेतूनच कापून घेतात. १,२०,००० मंजूर झाले तर खात्यात १,१७,१६८ येतात, आणि अॅपचं कर्ज मुदतीआधी बंद करायला वर १,८८८ लागतात. म्हणजे ४,७२० हातचे हवेत. ते नसतील तर कार्डावर थोडी रक्कम राहून जाते आणि त्या उरलेल्यावर पुन्हा साडेतीन टक्के सुरू होतात.

मग मुदत वाढवणं कधीच बरोबर नाही का? आहे. २०,९१० गेल्यावर भाडं, शाळेची फी आणि किराणा निघत नसेल, आणि पुढच्या महिन्यात हप्ता बाउन्स होणार हे दिसत असेल, तर थोडी मुदत विकत घेणं शहाणपणाचं. बाउन्सचा दंड दोन्हीकडे बसतो, तुमच्या बँकेत आणि कर्ज देणाऱ्याकडेही, आणि सिबिल पडला की १५ टक्क्यांचा प्रस्तावच मिळत नाही. म्हणून जायचं तर पहिला हप्ता चुकण्याआधी. तिसऱ्या वाटेत १८ ऐवजी २४ महिने घेतले, तर सुरुवातीचे हप्ते १८,१५८ वर येतात आणि एकूण खर्च सुमारे ३५,१०० होतो. दरमहा १,६६८ च्या श्वासाची किंमत साधारण ४,९००. हा सौदा समजून-उमजून करता येतो. ६० महिन्यांचा नाही.

दर विचारताना एक शब्द ऐकून घ्या: फ्लॅट. "बँक पंधरा घेते, आम्ही बारा" असं सांगणारे काही जण हा बारा फ्लॅट सांगतात, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. १,२०,००० ला दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे २८,८०० व्याज, हप्ता ६,२००. घटत्या शिलकीवरच्या १५ टक्क्यांनी तेच १९,६४० होतं. फ्लॅट १२ हा खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. कुठेही गेलात तरी कर्जाचे सगळे खर्च आणि अटी मांडणारा कागद, म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट', मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ते द्यावंच लागतं, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत. त्यात फी आणि विमा धरून काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, असतो. दोन प्रस्तावांची तुलना त्या एका आकड्यावर करा, तोंडी सांगितलेल्या दरावर नाही. कर्जासोबत विमा घातलाय का, तेही त्याच कागदावर दिसतं.

घरकर्जावरचा टॉप-अप, म्हणजे चालू घरकर्जावर घेतलेलं वाढीव कर्ज, हा सगळ्यात फसवा पर्याय, कारण तो दिसायला सगळ्यात स्वस्त. साडेनऊ टक्क्यांनी १,२०,००० पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता फक्त १,२५३, पण व्याज १,०५,५००. तेच पैसे १८ महिन्यांत फेडले तर व्याज ९,२०० च्या आत-बाहेर. दर तोच, घर तेच. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या, बिगर-व्यावसायिक कर्जाला मुदतीआधी फेडीचं शुल्क लावता येत नाही, त्यामुळे टॉप-अप घेऊन महिन्याला ७,२०० भरण्याची शिस्त असेल तर ही वाट तिसऱ्या वाटेपेक्षाही स्वस्त पडू शकते. शिस्त नसेल तर कार्डाचं बिनतारण देणं तुम्ही घराच्या कागदांवर चढवलेलं असतं.

निर्णय झाल्यावर घोटाळा होतो तो जुनी खाती बंद करताना. शक्य असेल तर नव्या कर्जाची रक्कम थेट जुन्या देणेकऱ्याकडे पाठवायला सांगा. आपल्या खात्यात आली की त्यातले दहा-पंधरा हजार कुठेतरी वळतातच. अॅपचं कर्ज मुदतीआधी बंद करायला किती भरायचं हे सांगणारं फोरक्लोजर पत्र घ्या. त्यात रक्कम ठरावीक तारखेपर्यंतच लागू असते. दोन दिवस उशीर झाला तर शे-दोनशे रुपये कमी पडतात आणि खातं उघडंच राहतं. पैसे भरल्यावर काही देणं उरलं नाही असा बेबाकी दाखला घ्या आणि आपल्या बँकेत जाऊन त्या कर्जाचा ऑटो-डेबिट रद्द झालाय का ते बघा. नाहीतर पुढच्या पाच तारखेला जुना आणि नवा असे दोन्ही हप्ते कापले जातात.

कार्डाचं थोडं निराळं. मागची थकबाकी चालत आली असेल तर बिलावरची पूर्ण रक्कम भरली तरी बिल निघाल्यापासून भरल्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. ते चुकलं की त्यावर उशिराचा दंड. म्हणून एक बिल शून्याचं येईपर्यंत लक्ष ठेवा आणि तोवर कार्डाची मर्यादा १०-१५ हजारांवर उतरवून घ्या. एकत्रीकरण फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं: मोकळं झालेलं ८०,००० चं कार्ड दिवाळीत पुन्हा भरतं, आणि मग नवा हप्ता आणि जुनं कार्ड दोन्ही उरतात.

साधारण दोन महिन्यांनी आपला क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. अॅपच्या कर्जासमोर `Closed` हवं. `Settled` दिसलं तर रक्कम कमी भरून मिटवल्याची नोंद झालीय. बेबाकी दाखला जोडून लगेच दुरुस्तीची तक्रार टाका.