ॲपची सूचना घ्यावी की एसएमएस? पालकांसाठी परिपत्रक

सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

१ तारखेपासून शाळेचे निरोप नव्या ॲपवर येतील. गृहपाठ रोज सायंकाळी ६ वाजता एकदाच येईल आणि फीची आठवण मुदतीच्या तीन दिवस आधी. रात्री ८ नंतर ॲप काहीही पाठवणार नाही. या निरोपांना तासाभराचा उशीर झाला तरी बिघडत नाही. पाल्य गैरहजर असल्याची सूचना मात्र वेळेवरच पोहोचायला हवी. ती कशी घ्यायची हे आपण ठरवायचे आहे.

शाळा ७:२० ला भरते, हजेरी पहिल्या तासाला होते आणि सूचना ७:५० ला निघते. सहावीच्या वर्गात ही पद्धत महिनाभर वापरून पाहिली. एके दिवशी एका मुलीची रिक्षा पंक्चर झाली. ७:५० ला सूचना गेली, ८:१५ ला मुलगी वर्गात आली, बाईंनी हजेरी दुरुस्त केली. आई कामावर नेट बंद ठेवते. दुपारी साडेबाराला तिने नेट सुरू केले, तेव्हा ‘गैरहजर’ आणि ‘हजर’ या दोन्ही सूचना एकदमच आल्या. त्यातली ‘गैरहजर’ एवढीच वाचून ती घाबरली आणि धावत शाळेत आली. मुलगी खरोखरच वाटेत अडकली असती, तर साडेचार तासांहून जास्त वेळ घरी कोणालाच कळले नसते.

एसएमएसला नेट लागत नाही, साधा फोनही चालतो. पण शाळेला मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि ऐनवेळी फक्त गाळलेल्या जागा भरता येतात. शिवाय मराठीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हेच बसतात, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. त्यामुळे ‘पाल्य आज गैरहजर’ एवढे नीट बसते. पण पावसामुळे शाळा लवकर सुटली, कोणती बस कुठल्या रस्त्याने येईल, हे सविस्तर ॲपवरच कळवता येईल.

ॲपमध्ये आणखी एक अडचण आहे. अँड्रॉइड १३ पासून ॲप सूचना पाठवण्याची परवानगी विचारते. तिथे ‘नको’ दाबले गेले, तर ॲप उघडल्यावर सगळे दिसते, पण फोन वाजत नाही. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी सूचना अडवून ठेवतात. म्हणून शनिवारी सकाळी ११ वाजता शाळा एक चाचणी सूचना पाठवेल. त्या वेळी ॲप उघडून ठेवू नका. पाच मिनिटांत फोन वाजला नाही, तर सेटिंगमध्ये या ॲपच्या सूचना सुरू करा आणि बॅटरीचे बंधन काढा.

कामावर नेट बंद ठेवणाऱ्या किंवा फोन घरी आजीआजोबांकडे असणाऱ्या पालकांनी गैरहजेरीसाठी एसएमएसच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसभर नेट सुरू असेल आणि चाचणी वेळेवर आली असेल, तर ॲप पुरेसे आहे. त्यात ‘हजर’ ही दुरुस्तीही लगेच कळते. एसएमएसवर ती सध्या येणार नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर पर्याय लिहून ती सोमवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावी. चिठ्ठी न आल्यास गैरहजेरीचा एसएमएस सुरू ठेवू.

आपली,
मुख्याध्यापिका