केळीच्या रोपांची चौकशी करणारा ‘हाय’ आणि माझे ५,१३,८०० रुपये

अनोळखी नंबरवरून आलेल्या ‘हाय’ला उत्तरच देऊ नये, असा सल्ला देणाऱ्यांचा नंबर बहुधा दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नसतो. तापीकाठी माझा केळीच्या टिश्यू कल्चर रोपांचा व्यवसाय आहे. मृगबागेच्या लागवडीआधी रोज अनोळखी नंबरांवरून ‘हाय’, ‘राम राम’ किंवा नुसता अंगठा येतो आणि त्यांतलीच काही माणसे पुढे हजारो रोपे नेतात. अशाच एका ‘हाय’मागच्या बाईने मला शेअर बाजाराच्या नावाखाली फसवले. त्यावर ‘तुम्ही उत्तर दिलेच का?’ असे विचारणाऱ्यांनी आधी हा धंदा उत्तर न देता चालवून दाखवावा.

शिवाय पहिले उत्तर मी दिलेच नव्हते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये स्वागत संदेश लावून ठेवला की पहिल्यांदा लिहिणाऱ्याला तो आपोआप जातो. माझ्या संदेशात माझे पूर्ण नाव, गाव, रोपांचे वाण आणि ‘३० वर्षांचा अनुभव’ असे सगळे होते. म्हणजे मी फोन हातात घेण्यापूर्वीच त्या बाईला माझ्याशी काय बोलायचे ते कळलेले होते. तुमचा असा संदेश असेल तर त्यातून नाव-गाव आजच काढा आणि त्या जागी प्रश्न घाला: आपले गाव कोणते, किती एकर, रोपे कोणत्या महिन्यात हवीत?

मी तिला क्षेत्र विचारले होते. ‘दहा एकर, पाच हजार रोपे, भाऊ,’ असे तिने लिहिले. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर एकराला साधारण अठराशे रोपे लागतात, म्हणजे दहा एकरांना अठरा हजार. हा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरही तोंडी करते. ते वाक्य मी आजही उघडून पाहतो आणि जळफळाट होतो. पण नोकरी सोडून शेत घेणारे शहरी लोक अलीकडे अशीच अडाणी चौकशी करतात आणि त्यांना समजावून सांगणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मी सविस्तर समजावले. तिने आभार मानले आणि रोपांचा विषय तिथेच संपला. खरा शेतकरी भावावर घासाघीस करतो, फोन करतो, रोपवाटिका पाहायला येतो. फोन टाळून गप्पा वाढवणारा गिऱ्हाईक नसतो.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे: तिचे शेअर बाजारातले काका, लिंकवरून उतरवलेले अ‍ॅप, आयपीओचा खास कोटा. पहिल्या ५,००० रुपयांचे ६,२०० परत आले, मग मी ४५,०००, १,६०,००० आणि २,४०,००० भरले. प्रत्येक वेळी खाते निराळ्याच नावाचे होते आणि शेवटचे तर कुठल्याशा कापड दुकानाचे. आरटीजीएसचा तो फॉर्म बँकेत माझ्यासमोर भरला गेला, पण शेअरचे पैसे कापडवाल्याला कसे, असे काउंटरवर कोणी विचारले नाही. अ‍ॅपवर ७,९५,००० दिसू लागले आणि काढायला गेल्यावर ३,५०,००० च्या नफ्यावर २० टक्के कर आधी भरा, असे सांगण्यात आले. तेही ७०,००० गेले. नफ्यावरचा कर सरकारकडे भरायचा असतो, कुणाच्या चालू खात्यात नाही.

त्याच संध्याकाळी मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, म्हणून शेवटच्या ७०,००० पैकी ३८,००० पुढच्या खात्यात गोठवले गेले. उशीर करू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. मात्र त्यानंतर जे सुरू झाले त्याला काय म्हणावे? ठाण्यात सांगितले की शिक्क्याचा बँक उतारा आणा. बँकेत सांगितले की पोलिसांचे पत्र आणा. पत्र मागितले तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. एका हवालदाराने माझे चॅट मोठ्याने वाचून दाखवले आणि शेजारच्या टेबलावर हशा पिकला. ज्यांच्या नावावर ती खाती आहेत, त्यांना गाठायला कुणाला सवड नाही, पण माझ्या वयाची चौकशी करायला मात्र आहे.

चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, निर्यात करून ठेवा, नंबर आधी रिपोर्ट करा आणि मग ब्लॉक करा. cybercrime.gov.in वर मिळालेला पोच क्रमांक कागदावर लिहून ठेवा. पैसे गेल्याचे कुणाला कळले की ‘रक्कम सोडवून देतो, १२,००० फी लागेल’ असे सांगणारेही येतात; माझ्याकडे आले आणि त्यांना तर मी उत्तरही दिले नाही. गोठवलेले ३८,००० परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागेल, असे आता सांगतात; त्या अर्जासोबत जोडायचे पोलिसांचे पत्र अजूनही साहेबांच्या सहीसाठी पडून आहे.